संपर्क दुसरीकडे हलवताना मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली, परत मिळतील का?

निलांबरी

नमस्कार. गेली चौदा वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते. लेखक, टंकलेखक, प्रकाशनातली माणसं असे सगळे संपर्क जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये होते. आता नवा लॅपटॉप घेतला आहे आणि सगळं गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये न्यायचं आहे, म्हणजे फोनवरही दिसेल.

परवा अ‍ॅड्रेस बुक उघडून एक्स्पोर्ट केलं. फाइलचा प्रकार विचारला तेव्हा यादीत कॉमा सेपरेटेड दोनदा दिसलं. मी पहिलं निवडलं. फाइल झाली, गूगलवर चढवली, कुठेही चूक दाखवली नाही. आता बघते तर इंग्रजीत लिहिलेली नावं ठीक आहेत, पण देवनागरीत लिहिलेल्या प्रत्येक नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. `??????` असं. फोन नंबर आणि ईमेल बरोबर आहेत. साधारण ४०० नावं अशी गेली आहेत.

अडचण अशी की फाइल नीट झाली असं समजून मी जुन्या कॉम्प्युटरवरचा थंडरबर्ड काढून टाकला. ती प्रश्नचिन्हं परत अक्षरांत बदलता येतील का? कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

शंतनू_द

हा फॉन्टचा प्रश्न आहे. नव्या लॅपटॉपवर युनिकोड मराठी फॉन्ट टाका, एकदा रीस्टार्ट करा, नावं दिसायला लागतील. आमच्या ऑफिसात हेच झालं होतं, फॉन्ट टाकल्यावर सुटलं.

रानवाट

निलांबरीताई, जुने मेल हलवायचे असतील तर एक्स्पोर्टची गरजच नाही. दोन्ही खाती आयमॅपने जोडा आणि फोल्डर ओढून टाका. मी नऊ वर्षांचे मेल असेच हलवले.

निलांबरी

@रानवाट, धन्यवाद, पण मेल सर्व्हरवरच आहेत, ते सुखरूप आहेत. प्रश्न फक्त अ‍ॅड्रेस बुकचा आहे.

@शंतनू_द, फॉन्ट टाकून पाहिला. फरक नाही. फोनवरही प्रश्नचिन्हंच दिसतात, आणि फोनवर मराठी एरवी व्यवस्थित दिसतं.

वायरमन

ताई, आधी एक महत्त्वाचं: जुन्या कॉम्प्युटरला काहीही करू नका. फॉरमॅट नको, कोणाला देऊ नका, साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवू नका. तुमचा डेटा बहुतेक तिथेच आहे. ते पुढे सांगतो.

शंतनू म्हणतो ते एका परिस्थितीत खरं असतं, पण तुमची परिस्थिती ती नाही. मराठी मजकूर बिघडलेला दिसतो तेव्हा तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी दिसतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

रिकामे चौकोन दिसत असतील तर अक्षरं फाइलमध्ये आहेत, दाखवायला फॉन्ट नाही. तिथे शंतनूचा उपाय बरोबर.

`à¤¸à¥` अशी लांबच लांब विचित्र लॅटिन अक्षरं, आणि त्यात `à¤` पुन्हा पुन्हा येत असेल, तरीही बहुधा अक्षरं फाइलमध्ये आहेत. फाइल `UTF-8` या युनिकोड पद्धतीत लिहिली आणि उघडणाऱ्याने ती जुन्या पाश्चात्त्य कोडपेजची, म्हणजे चिन्हांच्या जुन्या तक्त्याची, समजून वाचली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह `UTF-8` मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यातले पहिले दोन नेहमी `E0 A4` किंवा `E0 A5` असतात, म्हणून तोच तुकडा सगळीकडे दिसतो. फाइल योग्य रीतीने उघडली की नावं परत येतात. मात्र अशा अवस्थेत ती सेव्ह केली नसेल तरच.

साधी प्रश्नचिन्हं असतील तर मात्र अक्षरं फाइलमध्ये नाहीतच. लिहितानाच गेली. तुम्ही निवडलेल्या पहिल्या पर्यायापुढे `System Charset` असं लिहिलेलं असणार. त्याचा अर्थ, फाइल विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये लिही. त्या कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं.

तुमचं उदाहरणच घ्या, सहा प्रश्नचिन्हं. ‘सुनीता’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचं वाटतं, पण कॉम्प्युटरच्या हिशोबात स, उकार, न, वेलांटी, त, काना अशी सहा चिन्हं होतात. ‘कविता’ हेही सहाच: क, व, वेलांटी, त, काना असं मोजून पाहा.

प्राची

कविता पाच होतात ना? क, व, ि, त, ा.

वायरमन

बरोबर प्राची, पाच. घाईत चुकलो. ‘सविता’ही पाच. म्हणजे कविता आणि सविता दोन्हींची `?????` होणार आणि त्या फाइलवरून कोण कोणती ते कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून प्रश्नचिन्हांवरून नावं परत मिळवायचा विचार सोडून द्या. मूळ अ‍ॅड्रेस बुकमधून पुन्हा एक्स्पोर्ट करायचं.

आता मूळ अ‍ॅड्रेस बुक कुठे आहे ते. थंडरबर्ड काढून टाकला तरी त्याचं प्रोफाइल जात नाही. जुन्या कॉम्प्युटरवर फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles
```

आत विचित्र नावाचा एक किंवा दोन फोल्डर असतील. त्यात `abook.sqlite` आहे का बघा. ते तुमचं मुख्य अ‍ॅड्रेस बुक. तुम्ही स्वतः आणखी वही केली असेल तर `abook-1.sqlite` असंही काही असेल. `history.sqlite` मध्ये आपोआप गोळा झालेले पत्ते असतात. अख्खा प्रोफाइल फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि मग इथे सांगा.

निलांबरी

आहे! `abook.sqlite` आहे, `abook-1.sqlite` पण आहे आणि `history.sqlite` पण. कॉपी करून ठेवलं. खूप आभार. कालपासून जेवण गोड लागत नव्हतं.

आता पुढे काय? थंडरबर्ड पुन्हा टाकला तर हे पुसलं तर जाणार नाही ना?

वायरमन

नाही पुसलं जाणार, आणि कॉपी आहेच. पुन्हा टाका. बहुतेक वेळा तो जुनं प्रोफाइल आपणहून उचलतो. नवं कोरं खातं विचारायला लागला तर बंद करा आणि `thunderbird.exe -P` असा चालवा. प्रोफाइलची यादी येईल, त्यातलं जुनं निवडा.

मग अ‍ॅड्रेस बुक उघडून डाव्या बाजूला वहीच्या नावावर राइट क्लिक केलं की `Export` येतं. प्रत्येक वही वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते. वर `All Address Books` दिसतं, पण ती नुसती सगळ्या वह्या एकत्र दाखवायची सोय आहे. तिथून सगळं एकदम बाहेर काढता येत नाही.

प्रकार विचारेल तेव्हा `vCard` निवडा.

शंतनू_द

व्हीकार्ड कशाला? कॉमावालीच घ्यावी, फक्त `UTF-8` असलेली. एक्सेलमध्ये उघडून साफसफाई करता येते, व्हीकार्डमध्ये काही करता येत नाही. आणि गूगल दोन्ही घेतं.

वायरमन

साफसफाईचा मुद्दा मान्य. गूगल दोन्ही घेतं हेही खरं. पण काय मागे राहतं ते पाहा. थंडरबर्डच्या कॉमा फाइलमध्ये ठरलेले रकाने असतात आणि ईमेलसाठी दोनच: `Primary Email` आणि `Secondary Email`. एखाद्याचे तीन पत्ते असतील तर तिसऱ्याला रकानाच नाही, तो गुपचूप राहून जातो. फोटोलाही रकाना नाही. व्हीकार्डमध्ये पत्ते कितीही असोत, एकाखाली एक ओळी येतात:

```
BEGIN:VCARD
VERSION:4.0
FN:सुनीता
N:;सुनीता;;;
EMAIL;PREF=1:a@example.com
EMAIL:b@example.com
EMAIL:c@example.com
END:VCARD
```

दुसरं असं की कॉमा फाइलमध्ये कोणता रकाना कशाचा, हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या नावांनी ठरवतो. एकाचा `Mobile Number` दुसऱ्याला कळला तर कळला, नाहीतर तो नंबर टिपणात जाऊन पडतो किंवा सुटतो. व्हीकार्डमध्ये `TEL`, `EMAIL`, `ADR` ही नावं सगळ्यांची एकच. शिवाय ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून नाव वाचता येतं. निलांबरीताईंनी पहिली फाइल चढवण्याआधी एकदा नोटपॅडमध्ये उघडली असती तर प्रश्नचिन्हं तिथेच दिसली असती.

पुढे कधी आयक्लाउडकडे न्यायचं ठरलं तर तिथे व्हीकार्डच लागतं, हेही लक्षात असू द्या.

प्राची

शंतनू, एक्सेलबद्दल माझं ऐक. मी हेच केलं आणि माझं जास्त नुकसान झालं. माझी फाइल `UTF-8` होती, काही बिघाड नव्हता. नावावर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या, सेव्ह केली. चढवल्यावर कळलं की देशाच्या कोडसकट लिहिलेले सगळे नंबर असे झाले आहेत:

```
1.23457E+11
```

प्रत्येक नंबरचे फार तर पहिले सहा आकडे उरले, बाकीचे गेले. नंबराच्या सुरुवातीचं अधिक चिन्हही गेलं आणि ज्यांच्या सुरुवातीला शून्य होतं त्यांचं शून्यही. नावं टिकली पण नंबर गेले, म्हणजे निलांबरीच्या नेमकं उलट. २३० नंबर मी जुन्या बिलांवरून आणि मेलच्या सह्यांवरून पुन्हा जमवले. दोन महिने लागले आणि काही मिळालेच नाहीत.

वायरमन

प्राचीने सांगितलेलं कारण सगळ्यांनी नीट समजून घ्यावं असं आहे. एक्सेलला तो फोन नंबर वाटत नाही, संख्या वाटते. अकरापेक्षा जास्त आकडे असलेली संख्या तो साध्या खान्यात अशी आखडून दाखवतो, आणि कॉमा फाइल म्हणून सेव्ह करताना जसं दिसतं तसंच लिहितो. म्हणून आकडे कायमचे जातात.

एक्सेल वापरायचाच असेल तर फाइलवर डबल क्लिक करायचं नाही. कोरी वही उघडा, `Data` मध्ये `From Text/CSV` घ्या, `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा, आणि `Transform Data` मध्ये जाऊन फोनचे सगळे रकाने `Text` करा. मगच आत घ्या. परत सेव्ह करताना `CSV UTF-8` हा प्रकार. नुसतं `CSV` निवडलंत तर पुन्हा जुनं कोडपेज आणि पुन्हा प्रश्नचिन्हं.

माझं स्वतःचं मत: साफसफाई एक्स्पोर्टच्या आधी थंडरबर्डमध्येच करावी, नाहीतर पोहोचल्यावर गूगलमध्ये. मधल्या फाइलला हात लावू नये.

शंतनू_द

हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडचे नंबर देशाच्या कोडशिवाय, दहाच आकडी आहेत, म्हणून कधी बिघडले नसावेत. पण आम्ही ऑफिसात क्लासिक आउटलुक वापरतो. तिथे `File`, `Open & Export`, `Import/Export` असं गेलं की कॉमा फाइलच मिळते, `UTF-8` विचारतच नाही. तिथे मराठी नावांचं काय करायचं?

वायरमन

क्लासिक आउटलुक कॉमा फाइल विंडोजच्या कोडपेजमध्ये लिहितो, त्यामुळे देवनागरी नावांसाठी तो रस्ता घेऊच नका. संपर्क निवडून `Forward Contact`, `As a Business Card` केलं की एका मेलला प्रत्येकाची वेगळी `.vcf`, म्हणजे व्हीकार्ड फाइल, जोडलेली मिळते. सगळ्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून एकत्र जोडा:

```
copy /b *.vcf ..\sagle.vcf
```

`..\` मुद्दाम लिहिलं आहे, म्हणजे जोडलेली फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये पडते आणि कमांड पुन्हा चालवली तरी तीच पुन्हा आत जोडली जात नाही. शेकडो असतील तर शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी करा. खातं ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर वेब आवृत्तीतून संपर्क एक्स्पोर्ट करून पाहा. तिथलं एक्स्पोर्ट तुमच्या विंडोजच्या कोडपेजवर अवलंबून नसतं.

निलांबरी

थंडरबर्ड पुन्हा टाकला, सगळं जसंच्या तसं परत आलं!! दोन वह्या व्हीकार्ड म्हणून बाहेर काढल्या. नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्या, नावं मराठीत स्वच्छ दिसतात.

पण पहिल्या वहीत मला ५८८ ओळी दिसतात. फाइलमधले संपर्क कसे मोजायचे? अजून काही मागे राहिलं असेल तर या वेळी आधीच कळायला हवं.

वायरमन

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. प्रत्येक कार्ड `BEGIN:VCARD` ने सुरू होतं, तेवढ्या ओळी मोजायच्या:

```
find /c "BEGIN:VCARD" vahi1.vcf
```

लिनक्स किंवा मॅकवर:

```
grep -c "BEGIN:VCARD" vahi1.vcf
```

निलांबरी

५८६ आले. दुसऱ्या वहीत ७४ ओळी होत्या आणि फाइलमध्येही ७४. पहिलीतले दोन कुठे गेले?

वायरमन

पहिल्या वहीत तुम्ही मेलिंग लिस्ट केल्या आहेत का? दोन?

निलांबरी

हो! दोनच. एक ‘दिवाळी अंक’, त्यात ३४ जण. दुसरी ‘कोशाचं काम’, १२ जण. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन

लिस्ट वहीत संपर्कांसारख्याच एका ओळीत दिसते, म्हणून तुमची मोजणी ५८८. पण थंडरबर्ड कॉमा फाइलमध्ये किंवा व्हीकार्डमध्ये लिस्ट लिहीतच नाही, ती वगळून पुढे जातो. माणसं सगळी आली आहेत, फक्त कोण कोणत्या लिस्टमध्ये हे आलेलं नाही.

लिस्टसकट बाहेर पडणारा एकच प्रकार आहे, `LDIF`. एक थंडरबर्ड सोडून दुसऱ्या थंडरबर्डकडे जायचं असेल तर तो उत्तम. गूगल मात्र ती फाइल घेत नाही.

माधवकाका

मी ती एलडिफ फाइल काढून पाहिली होती. माझी मराठी नावं त्यात गुप्त भाषेत होती. सुरक्षेसाठी कुलूपबंद करत असावेत असं समजून मी नाद सोडला.

वायरमन

काका, कुलूप नाही ते. त्या प्रकारात साध्या इंग्रजीबाहेरचा मजकूर बेस६४ मध्ये लिहितात आणि खूण म्हणून एका कोलनऐवजी दोन देतात. सुनीता असं दिसतं:

```
cn:: 4KS44KWB4KSo4KWA4KSk4KS+
```

चार-चार अक्षरांचे तुकडे पाडून पाहा. प्रत्येक तुकडा `4K` ने सुरू होतो, आणि एक तुकडा म्हणजे एक देवनागरी चिन्ह. सहा तुकडे, सहा चिन्हं. कोणीही उलगडू शकतो, त्यामुळे ती फाइल सुरक्षित समजून कोणाला पाठवू नका.

निलांबरीताई, तुमच्या लिस्ट छोट्या आहेत. नवा मेल लिहायला घ्या, `To` मध्ये लिस्टचं नाव टाका, त्यावर राइट क्लिक करून `Expand List` करा. ३४ पत्ते सुटे होतील. ते कॉपी करून एका मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. गूगलमध्ये गेल्यावर त्या नावाचं लेबल करून त्या माणसांना ते लावा. ४६ माणसांचं काम, अर्धा तास.

माधवकाका

माझा वेगळाच प्रश्न आहे. माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे. मुलाने व्हीकार्ड फाइल त्यात टाकून दिली, तर नावं `=E0=A4=B8=E0=A5=81` अशी दिसतात. हे फाइलचं चुकलं का फोनचं?

वायरमन

फाइलमध्ये नाव शाबूत आहे. `E0 A4` दिसतंय बघा, तेच देवनागरीचे बाइट. व्हीकार्डच्या २.१ या जुन्या आवृत्तीत असा मजकूर `=` ही चिन्हं घालून लिहायची पद्धत होती, एका देवनागरी चिन्हाला नऊ अक्षरं लागतात. तुमचा फोन ते उलगडत नाही. मुलाला फाइल नोटपॅडमध्ये उघडून `VERSION` ची ओळ पाहायला सांगा. २.१ असेल तर ३.० मध्ये काढलेली एखादी फाइल टाकून पाहता येईल, पण फोन तीही नीट वाचेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

माधवकाका

पाहिलं, २.१ च आहे. मुलगा रविवारी येईल तेव्हा ३.० ची करून पाहतो.

निलांबरी

चढवलं! आधी प्रश्नचिन्हांचे सगळे संपर्क काढायचे होते. गूगलने त्या दिवशीच्या तारखेचं एक लेबल आपोआप लावलं होतं, त्यामुळे तेवढेच निवडून पुसता आले. मग दोन्ही `.vcf` चढवल्या. ५८६ आणि ७४ मिळून ६६० असायला हवेत, मोजले तर ६६० आहेत. सुनीताचे तिन्ही पत्तेही आले.

`Merge & fix` ने २३ जोड्या सुचवल्या, त्या पाहून एकत्र केल्या. पण एक विचित्र आहे. ‘कऱ्हाडे’ आडनावाचे एक गृहस्थ दोनदा आहेत. एका कार्डावर फक्त फोन, दुसऱ्यावर फक्त ईमेल. नाव अक्षरशः सारखं, तरी त्याने जोडी सुचवली नाही. शोध घेतला तरी एका वेळी एकच सापडतं.

वायरमन

हे पाहून बरं वाटलं, कारण हा खास मराठीचा त्रास आहे आणि याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. कऱ्हाडेमधला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, `U+0931`, आणि पाय मोडायचा. दुसऱ्या पद्धतीत साधा र, `U+0930`, पाय मोडायचा आणि पुढे न दिसणारा जोडक, `U+200D`. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं आहेत. तुम्ही एक कार्ड जुन्या कीबोर्डवर आणि दुसरं नव्या कीबोर्डवर टाइप केलं असणार.

ईमेल किंवा फोन जुळला असता तर त्यावरून जोडी पकडता आली असती. तुमच्या कार्डांवर तेही वेगवेगळं आहे. ती दोन हातानेच एकत्र करा, आणि ऱ्य, ऱ्ह असलेली बाकीची नावं एकदा डोळ्यांखालून घाला: गोऱ्हे, बऱ्हाटे, वगैरे.

प्राची

हे गूगलवर चढवण्याच्या आधी फाइलमध्ये सरसकट बदलता येईल का? म्हणजे दुसरी पद्धत शोधून सगळीकडे पहिली करायची?

वायरमन

र, हलन्त आणि जोडक असं तिन्ही मिळून शोधून बदललं तर चालायला हवं. नुसता जोडक काढू नका, कऱ्हाडेचं कर्हाडे होईल, र वर चढेल. दोन इशारे: फाइलची प्रत ठेवून करा, आणि व्हीकार्डमध्ये ओळ ७५ बाइटच्या आसपास मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करतात. नाव लांब असेल तर नेमकं तिथेच तुटलेलं असू शकतं, मग शोध त्याला पकडणार नाही. मी स्वतः हे मोठ्या फाइलवर केलेलं नाही. कोणी केलं असेल तर लिहा.

शंतनू_द

निलांबरीताई, आपोआप गोळा झालेल्या पत्त्यांचं काय केलंत? `Collected Addresses`?

निलांबरी

त्यात १,९०० च्या वर आहेत. ज्यांना कधीतरी एकदा उत्तर पाठवलं ते सगळे. बहुतेकांना नावच नाही, नुसता पत्ता. ते नेले नाहीत. सावकाश चाळून कामाचे चाळीसेक निघाले तर ते एका नव्या वहीत ओढून तेवढेच पुन्हा काढेन. पेनड्राइव्हवरची प्रत ठेवली आहे.

आज संध्याकाळी दिवाळी अंकाचं लेबल लावून झालं. ३४ पैकी ३३ जण सापडले. एका पत्त्याचं कार्डच नाही दोन्ही वह्यांत, लिस्टमध्ये मात्र आहे. हे कसं झालं असेल, वायरमन?

वायरमन

तो पत्ता तिसऱ्या वहीत शोधा, आपोआप गोळा झालेल्यांत. पत्त्याच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे आहे का तेही पाहा. तिथेही नसेल तर मलाही कळत नाही.